प्रमाणपत्र आणि अहवाल



डिस्लेक्सिया असलेल्या मुलास अमेरिकेस धाडताना चेन्नईतील आपले पालक शाळेच्या वेळचे प्रमाणपत्र जपून बरोबर देतात. सीबीएसई त्याच्या आधारे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास अधिक देते. परंतु परदेशी तेवढ्याने बहुधा भागत नाही, हे आम्हांस मुद्दाम सांगावयाचे आहे.

१९९० च्या तेथील अपंगत्वविषयक कायद्याचे संरक्षण परदेशी विद्यार्थ्यासही आहे. मात्र प्रवेश मिळाला म्हणजे सवलत मिळाली असे नव्हे. तिच्यासाठी विद्यापीठातील स्वतंत्र कार्यालयाकडे विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावयाचा असतो. ते कार्यालय सामान्यतः मानसशास्त्रज्ञाचा सविस्तर इंग्रजी अहवाल मागते. कोणत्या चाचण्या घेतल्या, गुण किती पडले, वाचनाची गती किती आणि म्हणून अधिक वेळ का हवा, हे त्यात हवे. आठवीतला अहवाल पुष्कळदा जुना ठरतो. नवी तपासणी निघण्यापूर्वी येथेच करून घ्यावी. तिकडे ती फार महाग पडते.

समजा, दीडपट वेळ मंजूर झाला. दोन तासांची परीक्षा तीन तासांची होईल; पण मंजुरीचे पत्र दर सत्रात प्रत्येक प्राध्यापकाकडे पोचले पाहिजे. संकोचाने गप्प राहून पहिल्या परीक्षेत नापास झाल्यावर अहवाल दाखविला, तर सवलत साधारणतः पुढील परीक्षांपासूनच लागू होते. गेलेले गुण परत येत नाहीत.

आपल्याकडे वडिलांनी साहेबांना भेटण्याची रीत आहे. तेथे मुलाच्या लेखी संमतीवाचून ते कार्यालय वडिलांशी त्याच्या प्रकरणाबद्दल सहसा बोलतही नाही.