तळपायात रुतलेला खिळा
खिळा किंवा बाभळीचा काटा तळपायात खोल रुतला की वरचे छिद्र लवकर मिटते आणि आत गेलेली माती हवा न पोहोचणाऱ्या जागी अडकते; धनुर्वाताचे जिवाणू अशाच ठिकाणी वाढत असल्यामुळे खरा धोका गंजात नसून मातीत आणि जखमेच्या खोलीत असतो.

जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखाली साबणाने ५ ते १० मिनिटे धुवावी, परंतु खोल तुटलेले टोक सुईने कोरू नये, आणि चुना, हळद वा शेणाने छिद्र मुळीच बुजवू नये, कारण त्यामुळे घाण आतच कोंडते. लसीकरण पूर्ण असलेल्या शेतमजुराने शेवटचा डोस ७ वर्षांपूर्वी घेतला असेल, तर ५ वर्षांची मर्यादा उलटल्याने त्याला टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्पाची लस, लवकरात लवकर द्यावी लागते. लसीकरण अपुरे किंवा अज्ञात असल्यास इम्युनोग्लोब्युलिन, अर्थात तयार प्रतिपिंडेही, आवश्यक ठरतात.

दोन दिवसांनंतर वेदना ओसरण्याऐवजी वाढणे, लाली पसरणे, पू किंवा ताप येणे ही संसर्गाची लक्षणे होत. मधुमेहात तळपाय बधिर झाल्यास वेदना जाणवतच नाही, म्हणून अशा रुग्णाने लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना पाय दाखवावा.