साडेचव्वेचाळीस आवर्तने

बासरीवाल्याने एक सूर धरला आहे. त्याची कंपने सेकंदाला किती, हे संगणकाने शोधायचे. तो सेकंदाला 8000 नमुने घेतो. त्यातले 800, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आपण तपासायला देऊ. फूरिए रूपांतर हा सूर दहा-दहा हर्ट्झच्या कप्प्यांत वाटते. सर्वांत भरलेला कप्पा तो प्रमुख सूर. 440 हर्ट्झचा सूर या तुकड्यात 44 पूर्ण आवर्तने घेतो आणि एकाच कप्प्यात नेमका बसतो.

पण सूर 445 चा निघाला तर? आवर्तने होतात साडेचव्वेचाळीस. हे गणित तर धरून चालते की हाच तुकडा पुन:पुन्हा जोडलेला आहे. मग सांध्यावर झटका बसतो. मिसरा मधेच तोडून पुन्हा पहिल्यापासून म्हणावा तसा! 440 आणि 450 चे कप्पे खऱ्या उंचीच्या सुमारे 64 टक्केच भरतात, आणि बाकीच्या कप्प्यांतही सूर झिरपतो. 600 पाशीसुद्धा दोनेक टक्के. तिथे एक टक्क्याचा क्षीण सूर असेल, तर तो बुडालाच.

त्यावर उपाय खिडकीचा. नमुन्यांना अशा आकड्यांनी गुणायचे, की तुकड्याची दोन्ही टोके हळूहळू शून्याला टेकतील. यातली एक खिडकी युलिउस फोन हान या ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञाच्या नावाची आहे. ती लावली की 600 चा सूर दिसू लागतो. मात्र शिखर रुंदावते, आणि 440 व 450 हे शेजारी वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी तुकडाच लांब हवा. पूर्ण सेकंद घेतला तर कप्पे एकेका हर्ट्झचे होतात. फक्त तेवढा वेळ बासरीवाल्याचा दम हलता कामा नये.