एका कमानीला किती फुलं लागतात?

आजचा एपिसोड लग्नघरातला आहे, पण विषय शुद्ध गणिताचा.

माझ्या आतेबहिणीचं रिसेप्शन कोल्हापुरातच होतं. हॉलच्या दारात जर्बेराची कमान करायची ठरली. दोन डेकोरेटरना विचारलं. एक म्हणाला, ११९ गड्ड्या लागतील. दुसरा म्हणाला, २८ पुरतात. कमान तीच, फूल तेच, आणि आकडा चौपट! आत्याला वाटलं, पहिला लुबाडतोय. बघायला गेलं तर दोघंही प्रामाणिक होते. फक्त दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजली होती.

आधी फूल बघू. जर्बेराचं चांगलं फूल साधारण ४ इंच रुंद असतं. म्हणजे एका फुटात शेजारी-शेजारी ३ बसतात, आणि चौरस फुटात ३ गुणिले ३, म्हणजे ९. आता २ इंचांचा गुलाब घ्या. फुटात ६, चौरस फुटात ३६. फूल निम्म्या आकाराचं झालं की संख्या दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून "जर्बेरा नको, गुलाब करा" हे वाक्य बोलायला सोपं, पण ऑर्डर पार बदलून टाकणारं आहे.

आता कमान. आतली मोकळी रुंदी ८ फूट, दोन्ही खांब ७ फूट उंच आणि वर अर्धगोल. पट्टी समोरून १ फूट रुंद आणि १ फूट खोल. बाहेरून मोजली तर १० फूट रुंद, १२ फूट उंच.

पहिल्या डेकोरेटरनं १० गुणिले १२ केलं, १२० चौरस फूट. स्टेजच्या मागच्या सपाट पडद्याला हा हिशोब चालतो, पण कमानीत मधली जागा माणसं जाण्यासाठी मोकळी असते. तिथं फुलं लावायचीच नाहीत! दुसऱ्यानं फक्त समोरची पट्टी धरली. दोन खांबांचे १४ फूट, वरच्या वळणाचे मधोमध मोजून साधारण १४ फूट, एकूण २८ चौरस फूट.

पण त्यात कमानीची आतली बाजू राहिली. खालून जाणाऱ्या माणसाला तीच बाजू जवळून दिसते, आणि फोटोतही तीच येते. तिचे खांबांचे १४ आणि आतल्या वळणाचे साडेबारा, म्हणजे जवळपास २७ चौरस फूट. दोन्ही मिळून ५५. बाहेरच्या कडा आणि मागची बाजू पडद्यानं झाकणार होती, म्हणून ती सोडली. तुमची कमान मोकळ्यात उभी असेल तर तीही धरा.

५५ गुणिले ९ म्हणजे ४९५ फुलं. जर्बेराचा दांडा पोकळ असतो. मान वाकते, हाताळताना फूल मोडतं. म्हणून १० टक्के जादा धरले, ५४५. गड्डीत १० फुलं, म्हणजे ५५ गड्ड्या. दोन रंग असतील तर प्रत्येक रंगाचा हिशोब वेगळा करून वरच्या गड्डीला न्या. रात्री ११ वाजता पिवळी उरली आणि केशरी संपली, तर उपयोग नाही.

सगळीकडे फूलच हवं असं नसेल तर आधी हिरवा पाला भरा आणि चौरस फुटाला ५ जर्बेरा लावा. मग तीच कमान ३१ गड्ड्यांत होते. पाला विरळ झाला तर मात्र मधून स्पंज दिसतो, आणि तो फ्लॅशमध्ये जास्तच चमकतो.

गुलाबाची एक वेगळी गंमत आहे. कळी मिटलेली असताना मोजली तर संख्या फुगते, कारण पाण्यात ठेवल्यावर ती रात्रीतून उमलून रुंद होते. म्हणून कार्यक्रमाच्या वेळी फूल जेवढं उमललेलं असेल, तेवढ्या अवस्थेतलं फूल मोजायचं.

आणि खात्री कशी करायची? एक दिवस आधी २ फूट बाय २ फूट तुकडा भरून बघा. १ फुटाचा घेऊ नका, कारण कडेची फुलं चौकटीबाहेर डोकावतात आणि लहान तुकड्यात त्या कडांचाच वाटा मोठा असतो, त्यामुळे आकडा चुकतो. भरलेला तुकडा उभा करा, १० फुटांवरून बघा, मग बाजूनं तिरका फोटो काढा. समोरून भरगच्च दिसणारा तुकडा तिरक्या फोटोत बऱ्याचदा उघडा पडतो. समाधान झालं की फुलं मोजा आणि ४ नं भागा. हा तुमच्या फुलाचा, तुमच्या हातानं लावलेला खरा आकडा. माझ्या ९ पेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा.

डेकोरेटरशी बोलताना "किती गड्ड्या?" हे शेवटी विचारा. आधी विचारा, "कुठल्या-कुठल्या बाजू धरल्यात, आणि चौरस फुटाला किती फुलं?" ही दोन उत्तरं मिळाली की बाकीचा हिशोब तुमचा मोबाईल करतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!