गटाचं खातं आणि माझं खातं



माझी सारी नोकरी खेड्यातल्या बँक शाखांत, काउंटरच्या आतल्या बाजूला झाली. निवृत्त झाल्यापासून मी गटांची दफ्तरं तपासायला जाते. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसत राहते, आणि आज मी तिच्याबद्दलच बोलणार आहे. गटाचं दफ्तर चोख असतं, बैठक वेळेवर होते, परतफेड वेळेवर होते. पण त्याच गटातल्या बाईला विचारलं, "तुमच्या स्वतःच्या खात्यात किती आहेत?", तर ती म्हणते, "ते मालकांना ठाऊक" किंवा "पोराला विचारून सांगते."

गटातली बचत आणि स्वतःच्या खात्यातली बचत यांत फरक आहे. बारा जणींचा गट धरा, महिन्याला प्रत्येकी १०० रुपये. पाच वर्षांत एकीचे ६,००० रुपये जमा होतात. हा पैसा तिचाच आहे, वहीत तिच्या नावापुढे लिहिलेलाही आहे. पण बँकेतलं खातं गटाच्या नावाचं असतं, सह्या अध्यक्ष-सचिवांच्या चालतात, आणि त्यातली बरीचशी रक्कम कोणाच्या तरी शेळीत, कोणाच्या शिलाई मशीनमध्ये गुंतलेली असते. गट त्यासाठीच असतो, त्यात काही चूक नाही. फक्त एखाद्या रात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर ते ६,००० रुपये त्या रात्री तुमच्या हाती येत नाहीत. बैठक बसावी लागते, मागणी मांडावी लागते, शिल्लक असावी लागते. गट सोडताना रक्कम परत मिळते, तीसुद्धा गटाच्या नियमाप्रमाणे आणि हाती रोकड असेल तेव्हा. म्हणून गट सोडा असं मी कधीच सांगणार नाही. गटाच्या जोडीला प्रत्येकीचं एकटीच्या नावाचं खातं हवं, आणि ते तिनं स्वतः चालवावं, एवढं माझं म्हणणं आहे.

यावर तुमच्यातल्या पुष्कळ जणी म्हणतील, "खातं तर आहे की!" खरं आहे. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली, तेव्हापासून घरोघरी बायकांची खाती निघाली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा उरलेल्यांचीही निघाली. आता प्रश्न खातं काढण्याचा कमी आणि ते आपल्या हातात असण्याचा जास्त आहे.

माझ्या ओळखीच्या एका ताईंची गोष्ट सांगते. ब्लाऊज शिवतात, गटात नियमित आहेत. लाडकी बहीण योजनेचा अर्ज मंजूर झाला, शेजारणींच्या खात्यात दीड-दीड हजार आले, यांच्या खात्यात काहीच नाही. त्यांनी बँकेत चार चकरा मारल्या, सरकारी कचेरीत जाऊन आल्या. शेवटी आम्ही आधारच्या संकेतस्थळावर त्यांचं आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे ते पाहिलं. ते निघालं माहेरच्या गावातल्या बँकेशी. लग्नाआधी शिबिरात काढलेलं जनधनचं खातं त्या विसरूनच गेल्या होत्या. पैसा दर महिन्याला तिथे जमा होत होता. सरकारी अनुदान तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातंच असं नाही. ते तुमचं आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं, तिथे जातं. दोन बँकांत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे दोन्हीकडे जोडणी होते असंही नाही, अनुदानासाठी एका वेळी एकच बँक चालते.

पुढचा गुंता मोबाईलचा होता. त्या जुन्या खात्याला भावाचा नंबर होता, तोही बंद पडलेला. त्यामुळे पैसे आल्याचा एकही मेसेज ताईंना कधी मिळाला नाही. केवायसी जुनी झालेली, म्हणून पैसे काढता येईनात. मग आधार, पॅन, फोटो घेऊन त्या माहेरच्या शाखेत गेल्या, केवायसी नवी करून घेतली, मोबाईल नंबर बदलून घेतला, आणि साठलेली सगळी रक्कम त्यांना मिळाली. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून काम होतं, ते नाही म्हणून परत फिरू नका. आणि खातं दोन वर्षं व्यवहाराविना पडून निष्क्रिय झालं असेल, तर ते पुन्हा चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. कोणी मागितलंच, तर शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच मागा.

या एका गोष्टीत बहुतेकींच्या अडचणी आल्या. खात्याला नंबर कोणाचा आहे, हे सगळ्यात आधी पाहा. नंबर मुलाचा असेल तर मेसेज त्याला, ओटीपी त्याला. मुलगा चांगलाच असतो, त्याच्यावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण तो पुण्याला कामाला गेला की तुमचं खातं त्याच्या खिशातून पुण्याला जातं. साधा बटणांचा फोन असला तरी मेसेज येतो. एटीएमचा पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवू नका. आणि पासबुक महिन्यातून एकदा भरून आणा, गटाची वही आपण जशी दर बैठकीला वाचतो, तशी त्यातली प्रत्येक ओळ वाचा.

बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणाऱ्या बऱ्याच जणी इथे आहेत. सोय चांगली आहे, एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचते. पण "अंगठा लागला नाही, परत लावा" असं सांगितलं तर आधी पहिल्या वेळेची पावती मागा. व्यवहार फसला तरी तशी पावती निघते. पावती न घेता दुसऱ्यांदा अंगठा लावला आणि दोनदा पैसे वजा झाले, तर नंतर भांडायला हातात कागद नसतो.

आता छोट्या गुंतवणुकीकडे येते. मी तुम्हाला एकच गोष्ट सुचवणार आहे, कारण सुरुवात एकाच गोष्टीने झाली की ती टिकते. पोस्टातलं आवर्ती ठेव खातं, ज्याला आपण आरडी म्हणतो. महिना १०० रुपयांपासून सुरू होतं, मुदत पाच वर्षं. सध्या व्याज ६.७ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण तुम्ही खातं काढाल त्या दिवशीचा दर तुमच्या खात्याला पाचही वर्षं कायम राहतो. समजा महिन्याला ३०० रुपये बाजूला काढले. पाच वर्षांत तुम्ही १८,००० भराल आणि हाती साधारण २१,४०० येतील. रक्कम फार मोठी नाही, हे मलाही दिसतं. पण ती तुमच्या एकटीच्या नावावर असते आणि मुलीच्या कॉलेजची फी भरताना कोणाकडे तोंड वेंगाडावं लागत नाही.

आरडी मोडते ती हप्ता चुकल्यामुळे, म्हणून तारखेचं नीट ऐका. खातं महिन्याच्या १ ते १५ तारखेत काढलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. १६ पासून पुढे काढलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. तेव्हा तुमच्याकडे पैसा कधी येतो ते पाहून खातं काढा. दुधाचा पगार १० तारखेच्या आसपास होत असेल तर पहिल्या पंधरवड्यात, मजुरीचा हिशोब महिन्याअखेर होत असेल तर दुसऱ्या. हप्ता चुकलाच तर दर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे ३०० च्या हप्त्याला तीन रुपये. दंड किरकोळ आहे, पण लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि पुन्हा सुरू करायला दोनच महिने मिळतात. ३०० झेपतील की नाही अशी शंका असेल तर १०० चं काढा. झेपलं तर पुढच्या वर्षी दुसरं काढता येतं.

अडचण आली तर आरडी मोडायची घाई करू नका. तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही, आणि नंतर मोडली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं, सध्या ४ टक्क्यांनी. त्याऐवजी बारा हप्ते भरून झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. म्हणजे वर्षाला नऊ टक्क्यांच्याही आत. आपल्यातल्या कित्येक गटांत अंतर्गत कर्जाला महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस पडतात. सावकाराचं तर नावच नको.

एजंट ताई घरी येऊन हप्ता नेत असतील तर चांगलंच आहे. पण त्यांच्या कार्डावरची सही म्हणजे पोस्टातली नोंद नव्हे. पासबुकावर शिक्का पडलाय का, हे दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

जास्त व्याजाच्या मोहाबद्दल मी कळकळीने सांगते. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्या दिसतात, आतलं काउंटरही सारखंच दिसतं, म्हणून बायका फसतात. सगळ्या पतसंस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही, चांगल्या आहेत आणि त्यांनी गरिबांना उभंही केलं आहे. पण पहिली बचत, जी बुडाली तर घर हलेल, ती तिथे ठेवू नका. आणि पावती न देणाऱ्या, माणसं जोडली की रक्कम दुप्पट करून देणाऱ्या योजनेत तर एक रुपयाही नको, मग ती सांगणारी आपली सख्खी नणंद का असेना.

"आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, हे कसं जमणार?" असं विचारणाऱ्यांना मी म्हसवडची आठवण देते. सातारा जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावात चेतना सिन्हा यांच्यासोबत बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तकांतल्या बायका निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. त्या परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तुम्ही दर बैठकीला बारा जणींचं व्याज तोंडी काढता. तोच हिशोब स्वतःच्या पासबुकावर करायचा आहे.

प्रभागसंघाच्या ताईंना माझी एक विनंती आहे. पुढच्या महिन्याच्या प्रत्येक गटाच्या बैठकीत हा विषय इतिवृत्तात घ्या. प्रत्येकीने आपलं पासबुक सोबत आणावं. किती आहेत ते कोणी कोणाला सांगायचं नाही. फक्त खातं एकटीच्या नावाचं आहे का, नंबर स्वतःचा आहे का, आधार कुठे जोडलंय, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय आणि शेवटची नोंद कधीची आहे, एवढं पाहायचं. जिचं काही अडलं असेल, तिच्यासोबत गटातल्या एकीने बँकेत जायचं. पोस्टातही दोघी-तिघींनी मिळून जा. फॉर्म भरायला मदत लागली तर मी येईन, माझा नंबर तुमच्या सीआरपी ताईंकडे आहे.