फाट्याफाट्याने रुंदावणारी वाट



मानेच्या पायथ्याशी, गळ्याच्या खळगीत, हलकेच बोट टेकवून पाहा. आत कडक, कंगोऱ्यांची नळी हाताला लागते. ही आपली श्वासनलिका. तिचा व्यास साधारण 18 मिलिमीटर, म्हणजे हवेला जायला जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर जागा. खाली छातीत गेल्यावर तिचे दोन फाटे होतात, त्या दोघांचे चार, चारांचे आठ. स्वित्झर्लंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ एवाल्ड वायबेल यांनी माणसाच्या फुफ्फुसातल्या या फाट्यांची पद्धतशीर मोजमापं करून ती 1963 साली पुस्तकरूपाने मांडली. त्यांच्या हिशेबात वायुकोशांपर्यंत पोचायला सरासरी 23 वेळा फाटे फुटतात. शेवटच्या पायरीवर नळ्या होतात 80 लाखांहून अधिक.

नळ्या बारीक होत जातात हे तर उघडच आहे. मग वाट अरुंद होत जाते का? नाही, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे. समजा 10 मिलिमीटर व्यासाच्या नळीला दोन फाटे फुटले. दोन्ही 7 मिलिमीटरचे असले, तर दोघांच्या छेदांचं क्षेत्रफळ मिळून मूळ नळीइतकंच भरतं. पण ते 8 मिलिमीटरचे असले, तर एकूण जागा एकदम सव्वापटीहून जास्त होते. केवळ एका मिलिमीटरचा हा फरक, पण दर फाट्याला तो गुणाकाराने वाढत जातो.

फुफ्फुसात पहिल्या तीन फाट्यांवर नळ्या सातच्या हिशेबाहूनही किंचित जास्त आक्रसतात, म्हणून तिथे एकूण जागा थोडी घटून दोन चौरस सेंटिमीटरवर येते. सगळ्या वाटेतली खरी अरुंद जागा ती. पुढे आठचा हिशेब लागू होतो, कधी आठाहूनही थोडा वरचा. सोळाव्या पायरीला एकेक नळी जेमतेम 0.6 मिलिमीटरची, पण अशा 65 हजारांवर नळ्या. सगळ्यांची मिळून जागा 180 चौरस सेंटिमीटर.

त्यानंतर नळ्यांच्या भिंतींवर वायुकोश दिसू लागतात आणि नळ्या बारीक होणं जवळजवळ थांबतंच. उरलेल्या सात फाट्यांत व्यास 0.6 वरून फक्त 0.4 मिलिमीटरवर येतो. नळ्यांची संख्या मात्र दर वेळी दुप्पट. साहजिकच एकूण जागाही जवळजवळ दुपटीने वाढत जाते आणि शेवटी एका चौरस मीटरच्या वर पोचते. म्हणजे श्वासनलिकेच्या चार हजार पटींहून जास्त.

आता वेगाचं पाहू. शांत बसलेला माणूस दोन सेकंदांत अर्धा लिटर हवा आत घेतो. श्वासनलिकेत ती सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने जाते, सोळाव्या पायरीवर जेमतेम दीड सेंटिमीटरने, आणि शेवटी एका मिलिमीटरच्याही अंशाने. कोयनेचं पाणी शिवसागर जलाशयात शिरल्यावर जसं संथ होतं, तसंच. त्यापुढचं अंतर हवा वाहून जाऊन तोडावं लागत नाही. ऑक्सिजनचे रेणू आपसूक पसरतात. अर्धा मिलिमीटर अंतर तोडायला त्यांना सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. शेवटच्या नळ्या आणखी बारीक करून काही साधलं नसतं, हे यातून लक्षात येईल.

या रचनेची एक बाजू मात्र डॉक्टरांना चकवणारी आहे. एकटी बारीक नळी हवेला फार अडवते, पण हजारो नळ्या शेजारी-शेजारी असल्या की अडथळा वाटला जातो. त्यामुळे दोन मिलिमीटरहून बारीक असलेल्या सगळ्या नळ्या मिळून, निरोगी माणसाच्या श्वासमार्गातल्या एकूण अडथळ्याचा फार तर पाचवा हिस्सा असतो. बाकीचा अडथळा वरच्या, मोठ्या नळ्यांत.

समजा धुरामुळे यातल्या निम्म्या बारीक नळ्या बंद पडल्या. उरलेल्या निम्म्यांतून तितकीच हवा जायची, म्हणून त्यांचा अडथळा दुप्पट झाला. शंभरातले वीस होते, ते चाळीस झाले. एकूण शंभराचे फक्त एकशेवीस! एवढा फरक तर दोन निरोगी माणसांतही सहज सापडतो. जिना चढताना धाप लागत नाही, आणि नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री चाचणीही बहुधा ठीकच येते. छातीचे डॉक्टर या भागाला मूक प्रदेश म्हणतात. धाप लागायला लागते तेव्हा नुकसान निम्म्याच्याही पुढे गेलेलं असू शकतं.

तेव्हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या श्रोत्यांना एवढंच सांगतो: ‘चाचणी चांगली आली, मला काही झालेलं नाही,’ असं त्या कागदावरून ठरवू नका. धूर आजच बंद करा, आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, तर धाप लागायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.