मर्मदृष्टी आणि प्रयत्न-प्रमाद

“मर्मदृष्टीने होणारे अध्ययन आणि प्रयत्न-प्रमादाने होणारे अध्ययन यांतील भेद स्पष्ट करा.” शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत हा प्रश्न आला की पुष्कळ विद्यार्थी मांजर मंद व वानर चतुर, एवढ्यावर उत्तर आटोपतात. परंतु हा भेद प्राण्याच्या हुशारीचा नव्हे. समोरच्या परिस्थितीतील घटकांचा परस्परसंबंध शिकणाऱ्याला दिसला की नाही, हा खरा प्रश्न आहे. उत्तराचा आरंभ येथूनच व्हावा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने 1898 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेले मांजर पेटीत कोंडलेले असे व खाद्य बाहेर ठेवलेले असे. मांजर ओरबाडी, चावे, फटींतून पंजे घाली. असे करता करता एखादे वेळी दोरीचा फास ओढला जाई आणि दार उघडे. पुन्हा कोंडल्यावर निरर्थक धडपड थोडी कमी होई व सुटकेस लागणारा वेळ हळूहळू घटत जाई. मांजराला युक्ती उमगली असती तर हा वेळ एकदम खाली आला असता. तसे झाले नाही, म्हणून येथे समज नसून यशस्वी क्रियेचा ठसा दृढ होत जातो, असे थॉर्नडाइकने अनुमान केले.

गेस्टाल्टवादी कोहलरने यावर मार्मिक आक्षेप घेतला. दोरी आणि दार यांना जोडणारी यंत्रणा मांजराच्या नजरेआड होती. जो संबंध दिसूच शकत नाही, तो त्याने ओळखावा कसा? म्हणून टेनेरिफ बेटावर चिंपांझींवर प्रयोग करताना त्याने प्रश्नाचे सर्व घटक प्राण्याच्या दृष्टीसमोर ठेवले. त्याचा ग्रंथ 1917 साली निघाला.

त्यातील सुलतान नावाच्या चिंपांझीचा प्रयोग उत्तरात अवश्य द्यावा. गजांबाहेर केळे होते, आत दोन बांबूच्या काठ्या होत्या, आणि त्यांपैकी एकही केळ्यापर्यंत पोहोचत नव्हती. सुलतानने एक काठी बाहेर सारून दुसरीने ती ढकलत केळ्याला टेकवली. केळे हाती आले नाही. तरीही ही चूक आंधळी नव्हती, कारण लांबी वाढवावयाची आहे हे तिच्यात ओळखलेले होते. कोहलरने काठीच्या पोकळ टोकात बोट घालून सूचना दिली, तीही व्यर्थ गेली. तासाहून अधिक वेळ गेल्यावर सुलतानने नाद सोडला. नंतर काठ्यांशी सहज खेळत असता त्या दोन्ही एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठी जाड काठीच्या तोंडात घातली, तो लगोलग गजांकडे धावला व त्याने केळे ओढून घेतले.

काठ्या एका रेषेत येणे हा योगायोग असेल, परंतु त्या योगाचा केळ्याशी असलेला संबंध तत्क्षणी ओळखणे ही मर्मदृष्टी होय.

हाच भेद शाळेतील गणितात पाहता येतो. बारामतीजवळच्या जळोचीचे एक तिरके शेत कल्पावे. ते समांतरभुज चौकोन असून त्याचा पाया 60 मीटर, तिरकी बाजू 50 मीटर व पायावरील लंब 40 मीटर आहे. एक मुलगा 60 व 50 यांचा गुणाकार करतो, तो चुकल्यावर 60 व 40 घेतो आणि 2400 चौरस मीटर हे उत्तर पुस्तकाशी जुळताच थांबतो. दुसरा मुलगा आकृतीकडे क्षणभर पाहतो, एका टोकाचा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावतो आणि आयत तयार करतो. उत्तर दोघांचे एकच येते.

पारख पुढे होते. आता तेच शेत 50 मीटरच्या बांधाकडून मोजावयास सांगावे. पहिला 50 ला 40 ने गुणून 2000 सांगेल. दुसरा म्हणेल, “बाजू बदलली तर लंबही बदलला पाहिजे.” हा नवा लंब 48 मीटर भरतो आणि क्षेत्रफळ पुन्हा 2400 येते. नव्या मांडणीतही टिकते ती समज. समांतरभुज चौकोनाचे असेच उदाहरण वर्थायमरने 1945 च्या आपल्या ग्रंथात चर्चिले आहे.

शेवटी मर्यादा सांगितल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. मर्मदृष्टी शून्यातून उद्भवत नाही. 1945 साली बर्चने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काठीचा विशेष सराव नसलेल्या बहुतेक लहान चिंपांझींना काठीने खाद्य ओढता आले नाही. तीन दिवस काठ्यांशी खेळू दिल्यावर ते सर्वांना चटकन साधले. तसेच, जेथे संबंध मुळातच झाकलेला असतो, तेथे मनुष्यालाही चाचपडावेच लागते. म्हणून वर्गात मुलगा चाचपडताना दिसला, तर त्याला मंद ठरविण्यापूर्वी शिक्षकाने प्रश्नाचे सर्व घटक त्याच्यासमोर उघडे मांडले होते काय, हे आधी पाहावे.