नातू ऐकत नव्हता, कारण त्याला ऐकू येत नव्हतं
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये सभासदांसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आकडे, तारखा आणि नोंदी ठेवायची सवय तेवढी आहे. त्या सवयीचा एकदा घरात उपयोग झाला, ती हकीगत सांगतो. आपल्या तिन्ही विंगमध्ये लहान मुलं बरीच आहेत, म्हणून हा विषय निवडला.

माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. हाक मारली की चौथ्या हाकेला वळून बघायचा. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की शेजारच्या काकूंनी एकदा दार वाजवलं. बाई म्हणाल्या, वर्गात लक्ष नसतं. सूनबाई म्हणाली, हट्टी झालाय. मी स्वतः त्याच्यावर दोनदा ओरडलो, ते आजही बोचतं. सर्दी तर कायमचीच. वर्षभरात तीनदा कान दुखला, तीनदा अँटिबायोटिकचं औषध झालं. तोंड सदा उघडं, आणि रात्री मोठ्या माणसासारखं घोरणं. आमची ही म्हणायची, “आजोबांवर गेलाय.” आम्ही हसायचो.

एका रात्री तो माझ्याजवळ झोपला होता. मान मागे टाकून घोरत होता आणि मध्येच आवाज थांबला. छाती हलत होती, पण श्वास येत नव्हता. मी मनात आकडे मोजले. आठपर्यंत गेलो, मग एक मोठा आचका देऊन तो कुशीवर वळला. हे पुन्हा पुन्हा झालं. मी मोबाईलवर दोन मिनिटांचं चित्रण केलं आणि दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी ते चित्रण आधी पाहिलं, मग मुलाला तपासलं. ते म्हणाले, “आजोबा, इथे दिवसा तो घोरून दाखवणार नाही. हे आणलंत ते बरं केलंत.”

आता मूळ गोष्ट. नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या अंगाला, एक मऊ गाठ असते. तिला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. टॉन्सिलचीच बहीण, पण तोंड उघडून दिसत नाही. ती प्रत्येक मुलाला असते. साधारण दोन ते सात वर्षांत ती मोठी असते आणि पुढे वयात येईपर्यंत आपोआप आकसते. अडचण अशी की त्याच वयात नाकामागची जागा लहान असते. गाठ फुगली की नाकाची वाट बंद होते, म्हणून तोंडाने श्वास आणि घोरणं.

पण कानाचा काय संबंध? मधल्या कानातून नाकामागे एक बारीक नळी उतरते. आपण घाटात गाडीने जाताना आवंढा गिळला की कान मोकळे होतात, ते याच नळीमुळे. अ‍ॅडेनॉइड तिच्या तोंडाशेजारीच असतं. ते वाढलं किंवा त्यात जंतू ठाण मांडून बसले, की नळीचं काम बिघडतं. कानात हवा पोचत नाही आणि पडद्यामागे चिकट पाणी साचतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणाला कळत नाही. मूल जणू कानात बोटं घालून जगत असतं. १८६८ साली कोपनहेगनच्या मायर या डॉक्टरांनी या गाठीचा आणि कमी ऐकू येण्याचा संबंध जगापुढे मांडला. म्हणजे ही काही आजकालची खुळं नव्हेत.

आमच्याकडे दोन तपासण्या झाल्या. एक श्रवण चाचणी; तीत दोन्ही कानांना साधारण ३५ डेसिबलपर्यंतचे आवाज जात नव्हते. समोर बसून बोललं तर समजे, पण पाठमोरं किंवा वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून बोललेलं निसटे. दुसरी चाचणी कानात हवेचा दाब देऊन पडदा हलतो का हे पाहायची. कागदावर डोंगर यायला हवा होता, आली सपाट रेघ. म्हणजे मागे पाणी. गाठ किती मोठी आहे हे मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर दिसलं.

मला वाटलं, आता लगेच ऑपरेशन. पण डॉक्टर म्हणाले, थांबू. कानातलं पाणी पुष्कळ मुलांत तीन महिन्यांत आपोआप जातं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी ते जात नाही, म्हणून तीही दिली नाहीत. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा मात्र गाठीची सूज उतरते का पाहायला सहा आठवडे दिला. बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवलं. मी वहीत नोंद ठेवली: घोरणं, श्वास थांबणं, सर्दी, कान. पण श्वास फार वेळा थांबायला लागला, मूल निळसर दिसलं, तर तीन महिने न थांबता लगेच यायचं, अशी सूचना होती.

तीन महिन्यांनी वही उघडली. घोरणं थोडं कमी, पण श्वास थांबणं चालूच. श्रवण चाचणी जशीच्या तशी. तेव्हा ऑपरेशन ठरलं: अ‍ॅडेनॉइड काढायचं, पाणी शोषून घ्यायचं आणि पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवायची. आधी रक्त तपासलं, घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का विचारलं, टाळू पाहिली. टाळूत लपलेली फट असेल तर गाठ काढल्यावर आवाज नाकातून येऊ शकतो, म्हणून.

सकाळी सहा तास पोट रिकामं ठेवून नेलं. पूर्ण भूल दिली. तोंडातूनच काढतात, बाहेर टाका नाही. अर्ध्या-पाऊण तासात तो बाहेर आला आणि संध्याकाळी घरी. आठवडाभर तोंडाला वास येत होता, तो येतोच. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: नाकातोंडातून लालभडक रक्त आलं किंवा मूल सारखं गिळत राहिलं, तर फोन न करता थेट दवाखान्यात या. ती वेळ आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गॅलरीत उभा होता. म्हणाला, “आजोबा, तो पक्षी रोज ओरडतो का?” खालच्या आंब्यावरचा कोकीळ होता. सबंध चैत्र ओरडत होता. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ग्रोमेट पुढे आठ-नऊ महिन्यांनी आपोआप पडले.

शेवटी, सर्दी झाली म्हणून गाठ काढायची नसते. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ सर्द्या होतातच, आणि एक्स-रेवर गाठ मोठी दिसली एवढ्यावरही ऑपरेशन ठरत नाही. झोपेत श्वास थांबत असेल, तीन महिने कानात पाणी राहून ऐकू कमी येत असेल, किंवा औषधं देऊनही जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर विचार करतात. क्वचित गाठ पुन्हा वाढतेही. फार लहान वयात काढली तर अधिक.

तेव्हा नातू हाकेला ओ देत नसेल, तर ओरडण्याआधी त्याच्या पाठीमागे उभं राहून हळूच नाव घेऊन बघा. आणि एक रात्र त्याच्याजवळ झोपा.